रडू ओसरल्यावर काय होतं?

महोदय,

जोडीदारापाशी मन मोकळं करण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. रडू आलं की जो जवळ घेतो तो भरवशाचा, असा त्याचा एकूण सूर. बरीच वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करत आल्यामुळे मला हा निकष तोकडा वाटतो. समोरचं माणूस रडायला लागलं की पुष्कळ जण गांगरतात. कुणी लगेच उपाय सुचवतं, कुणी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जातं. त्यात तुसडेपणा असतोच असं नाही.

हात धरण्याचं मोल मी नाकारत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विवाहित स्त्रियांना सौम्य विजेचा झटका बसेल अशी धास्ती घालून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. नवऱ्याचा हात हाती असताना मेंदूतली धास्तीची खळबळ कमी दिसली. पण ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं, त्यांच्यात ती अधिक कमी झाली. म्हणजे नुसता हात पुरत नाही, त्यामागचं नातंही लागतं.

एक उदाहरण देते, तपशील बदलून. नवऱ्याने एका रात्री सांगितलं, 'माझी नोकरी जाणार असं वाटतंय, झोप लागत नाही.' बोलता बोलता त्याला रडू फुटलं. बायको म्हणाली, 'काही होत नाही रे, उगाच विचार करतोस.' वाक्य धीराचंच, पण त्याचं बोलणं तिथेच तुटलं. अर्ध्या तासाने ती परत येऊन बसली. 'मघाशी मीच घाबरले. ऑफिसात नेमकं काय झालं, सांग ना.' मग तो बोलत राहिला. नोकरीचा प्रश्न काही सुटला नाही. पण कर्जाच्या थकलेल्या हप्त्याची नोटीस त्याने लपवून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ठेवली.

खरी कसोटी पुढे लागते, भांडणात. या दोघांचंही नंतर कडाक्याचं वाजलं, पण त्या रात्रीचा विषय तिने काढला नाही. दुसऱ्या एका घरात मात्र 'रडत बसणाऱ्याने मला शिकवू नये' हे वाक्य आलं. भरवसा उडायला एवढं पुरतं. मग तो माणूस घरी 'ठीक आहे' एवढंच सांगतो आणि चिंता मित्राकडे बोलतो. जोडीदाराला वाटतं, चला, हल्ली रडणं थांबलं!



हे सगळं अर्थात भीती बाहेरच्या गोष्टींची असेल तेव्हाचं. भीती जोडीदाराच्याच रागाची, हात उगारण्याची असेल, तर ती त्याच्यापाशी बोलून त्याची परीक्षा पाहू नये. आधी घराबाहेरच्या विश्वासाच्या माणसाला सांगावं.

आपली,
एक समुपदेशक
(नाव छापू नये, ही विनंती.)