विषय : एफडी सांगून आईच्या गळ्यात मारलेली पॉलिसी रद्द करून पूर्ण रक्कम परत करणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

काल तुमच्या कस्टमर केअरशी माझं पाचवं बोलणं झालं. त्यानंतर फोनवर बोलण्याची इच्छा उरली नाही, म्हणून लेखी देत आहे. आईचं संमतिपत्र आणि पॉलिसीची प्रत सोबत आहे.

एप्रिल 2025 मध्ये आईची एक लाखाची एफडी मुदत संपून मोकळी झाली. ती रिन्यू करायला ती बँकेत गेली. काउंटरवरून तिला आतल्या टेबलाशी नेलं. तिथे तुमच्या कंपनीचा माणूस बसतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर बँकेचं नाव होतं. "एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त. दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला दहा टक्के, तेही गॅरंटीड," असं तो म्हणाला. आईने सही केली. त्या बँकेत तिचं खातं तीस वर्षांपासून आहे. पॉलिसी काही हातात धरून पारखता येत नाही, समोरच्या माणसाच्या शब्दावरच ती घेतली जाते. आईने विश्वास ठेवला तो बँकेवर, आणि तुम्ही तोच वापरलात.

या मार्चमध्ये "दुसरा हप्ता भरा" असा मेसेज आला तेव्हा आम्हाला कळलं की ही वीस वर्षांची पॉलिसी आहे. पहिली दहा वर्षं दर वर्षी एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेरीस वीस लाख मिळायचे. आई आज 64 वर्षांची आहे. तिच्यावर कुणीही अवलंबून नाही. तिला विमा हवा होता कशाला?

तुमच्या "दहा टक्क्यां"चा हिशेब मी मांडून पाहिला. पहिला लाख तुमच्याकडे वीस वर्षं राहतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी काढली तर प्रत्येक लाख साडेपंधरा वर्षं अडकतो आणि तेवढ्या काळात दुप्पट होतो. हा परतावा वर्षाला सुमारे साडेचार टक्के पडतो. दहा टक्के दाखवायला तुमच्या माणसाने शेवटच्या हप्त्यानंतरची वर्षं तेवढी मोजली आणि हप्ते भरण्याची दहा वर्षं गिळून टाकली.

आता प्रपोजल फॉर्म बघा. व्यवसायाच्या रकान्यात "स्वतःचा उद्योग" आणि वार्षिक उत्पन्न 12,00,000 लिहिलं आहे. आई निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शन महिन्याला 34,000. खरा आकडा लिहिला असता, तर वर्षाचा हप्ता तिच्या पेन्शनचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे हे तुमच्याच तपासणीत दिसलं असतं. ईमेलचा पत्ता तर आमच्या घरात कुणाचाच नाही. पॉलिसीची कागदपत्रं त्या पत्त्यावर गेली. आईकडे ती कधीच पोचली नाहीत.

आता कालचा फोन. मी तो स्पीकरवर ठेवला होता, आई शेजारीच बसली होती. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "मॅडम, व्हेरिफिकेशन कॉलवर त्यांनी सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हटलंय." मी सांगितलं की तो कॉल आला तेव्हा तुमचा माणूस समोर बसून "सगळ्याला हो म्हणा काकू, नाहीतर पैसे अडकतील" असं सांगत होता. त्यावर उत्तर आलं, "सीनियर सिटिझन आहेत ना, वयोमानाने विसरल्या असतील. त्यांना नीट विचारून बघा." आईने एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे. तिने फोनकडे पाहिलं, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि रात्री जेवली नाही. तिला फसवलंत, आणि वर विसराळूही ठरवलंत. याबद्दल मला लेखी माफी हवी आहे, मला नव्हे, तिला.

"फ्री-लूकचे तीस दिवस संपले" हे उत्तर पुन्हा देऊ नका. पॉलिसी परत करण्यासाठीचे ते दिवस कागदपत्रं मिळाल्यापासून मोजायचे असतात. ती आमच्या नसलेल्या ईमेलवर गेली, हे पुन्हा सांगते.

पॉलिसी रद्द करून पहिला हप्ता पूर्ण परत करा, सरेंडर व्हॅल्यू नको. व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग आणि तो ईमेल पत्ता कुणी भरला याची माहिती द्या. दुसऱ्या हप्त्याचा ऑटो-डेबिट आम्ही बँकेत बंद केला आहे. ही तक्रार बीमा भरोसा पोर्टलवरही टाकत आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. आई स्वतः येणार आहे, फॉर्मची प्रत आणि तिच्या हातची बेरीज घेऊन.

पॉलिसीधारकाची मुलगी,
सातारा