सात स्लाइड्स आणि एक लपवलेली

ताई,

काल जर्नल क्लबला माझं पेपरचं सादरीकरण नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत आटपलं. मागच्या खेपेला सत्तावीस स्लाइड्स घेऊन उभी राहिले होते आणि मेथड्सवरच वेळ संपली होती, तेव्हा हे आभार सगळ्यांसमोरच मानते.

ठाण्याहून नेरूळला येताना तू कोविडच्या उपचारांवरच्या रिकव्हरी ट्रायलची प्रिंट माझ्या हातातून घेतलीस आणि विचारलंस, "एकच आकडा दाखवायचा झाला तर कोणता?" मी सारांशावर बोट ठेवलं: 28 दिवसांतले मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर 22.9 टक्के, नेहमीच्या उपचारांवर 25.7. तू म्हणालीस, "खरी गोष्ट त्याखालच्या तीन ओळींत आहे." व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 29.3 विरुद्ध 41.4, नुसत्या ऑक्सिजनवर 23.3 विरुद्ध 26.2, आणि ऑक्सिजन न लागलेल्यांत उलटंच, 17.8 विरुद्ध 14.0. पण या शेवटच्या गटात मृत्यूंच्या गुणोत्तराचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.92 ते 1.55, म्हणजे एक ओलांडणारा, फरक योगायोगाचाही असू शकतो. "नुकसान होतं असं बोलू नकोस, फायदा दिसला नाही एवढंच म्हण," हे तू दोनदा बजावलंस.

घणसोली येईपर्यंत प्रिंटच्या पाठीमागे सगळा आराखडा उतरला होता. त्या तीन ओळी पाचव्या स्लाइडवर, त्यांना तीन मिनिटं, आणि बाकीच्या स्लाइड्सना उरलेला वेळ. पहिलीवर वॉर्डातला एक रुग्ण आणि एका वाक्यातला प्रश्न, अर्धा मिनिट. दुसरीवर 2020 मध्ये स्टेरॉइडबद्दल मतभेद का होते, एक मिनिट. तिसरीवर वाक्यं नाहीतच, फक्त दोन चौकोन: 2,104 जणांना रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, 4,321 जणांना नेहमीचे उपचार. त्याला दीड मिनिट. चौथीवर एकूण निकाल, मिनिटभर. सहावी त्रुटींची, दीड मिनिट. सातवीवर पुन्हा पहिल्या स्लाइडवरचाच रुग्ण: त्याला आपण हे औषध देऊ का?

सहावीत मी 'ब्लाइंडिंग नाही, म्हणून अभ्यास कमकुवत' असं लिहून ठेवलं होतं. तू ते खोडलंस. मोजायचा होता मृत्यू, आणि कोणतं औषध चालू आहे हे डॉक्टरला माहीत असल्याने मृत्यूची नोंद बदलत नाही. त्रुटी लिहायच्या तर त्या निकालाला कुठे धक्का लावतात तेही लिहायचं, नाहीतर ती नुसती यादी होते.

आणि ती आठवी, न दाखवायची स्लाइड! सरांनी नेमकं तेच विचारलं: "22.9 भागिले 25.7 म्हणजे 0.89. पेपरमध्ये 0.83 कसं?" मी ती उघडली. डेक्सामेथासोन गटाचं सरासरी वय 1.1 वर्षांनी जास्त होतं, म्हणून गुणोत्तर वयाचा हिशेब धरून काढलंय. सर "बरं" म्हणाले. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी मिळत नाही, तुला माहीतच आहे.

तुझी,
खिडकीची जागा बळकावणारी ज्युनिअर