लेबल उतरवताना रकाना चुकतो

महोदय,
कीटकनाशकाचे इंग्रजी लेबल मराठीत उतरवून शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना गफलत हमखास मात्रेच्या तक्त्यात होते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससीचेच घ्या. कापसाच्या ओळीत ३० ग्रॅम हा सक्रिय घटक, तर १५० मिली हे बाटलीतले औषध आणि ५०० लिटर पाणी, सगळे हेक्टरी. म्हणजे एकरी ६० मिली, १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली. मराठीत नुसते ‘प्रमाण १५०’ उतरले की तेच एकरी धरले जाते आणि मात्रा अडीचपट होते. म्हणून रकान्याचे शीर्षक, एकक, दशांशचिन्ह इंग्रजी मजकुराशी ताडून घ्यावे. फवारणी ते वेचणीतले दिवस आणि विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंगही लिहावा. लेबलच्या फोटोत तो त्रिकोण बहुधा कापलेलाच असतो!

– एक वाचक