सुध्या, तुझ्या कपाटामागची भिंत

वर्तकनगर, ठाणे

प्रिय सुध्या,

गणपतीपर्यंत फोन करतो म्हणालो होतो आणि केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे आहोत, माझा गुडघा आहे तसाच आहे.

पत्राचं कारण तुझं कपाट. नाशिकला जाताना माझ्या गळ्यात मारलेलं. आईच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवलंय, कारण तूच म्हणाला होतास की फट राहिली तर झुरळं होतात. परवा आईच्या साड्यांना कुबट वास आला म्हणून ते ओढलं, तर मागे बुरशीचे काळे ठिपके. खाली कोपऱ्यात दाट, वर विरळ, आणि तुळईखाली एक आडवा पट्टा, त्यावरचा रंग फुगलेला. तुझ्या कपाटाची पाठ नुसत्या कच्च्या प्लायची, सनमायका फक्त पुढून. त्या प्लायवरही तीच नक्षी. निम्मे पैसे मी दिले होते ना, तेव्हा निम्मी बुरशी तुझी!

आईला दुसऱ्या खोलीत झोपवलं. तिला आधीच दम लागतो. तोंडाला एन-९५, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, दार बंद, पंखाही बंद. पंखा लावला तर बुरशी घरभर उडते. म्हणूनच कोरडं घासायचं नाही. आधी साबणाच्या पाण्याने ओली केली, मग फडक्याने पुसत गेलो आणि फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. त्यानंतर ब्लीच: एका वाटीला सोळा वाट्या पाणी, दहा मिनिटं ठेवून पुसून घेतलं. मदतीच्या उत्साहात बायको संडास धुवायचं ॲसिड घेऊन आली होती. तिला दारातच थांबवलं. ब्लीचमध्ये ते पडलं की क्लोरीन वायू सुटतो.

ठिपके गेले. पण नुसता डाग गेला म्हणून खूश व्हायचं नाही, कारण प्लास्टरसारख्या सच्छिद्र भिंतीत ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि मारणारा भाग वरच्यावरच संपतो. जिथे पुट्टी नखाने निघत होती तिथे ती खरवडून प्लास्टरपर्यंत गेलो. आत ओल होती.

आता खरी गोष्ट. ही ओल खोलीतली की पावसाची? सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, "कपाट सरकवा, बुरशीरोधक रंग मारा, विषय संपला." तुला ते आठवत असतीलच, पार्किंगवरून तुझ्याशी भांडलेले. मी भिंतीवर दोन जागी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद केले: एक कपाटामागे, दुसरा बाजूच्या उघड्या भिंतीवर, जिथे एकही ठिपका नव्हता. खोलीची दमट हवा कारण असेल तर पाणी प्लास्टिकवर बाहेरून जमतं. भिंतीतून येत असेल तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला. रात्रभर धो धो पाऊस झाल्यावर पाहिलं, तर दोन्हींच्या आत थेंब! (कोरड्या आठवड्यात करू नकोस हं, तेव्हा काहीच दिसत नाही आणि आपण उगाच निर्धास्त होतो.)

म्हणजे भिंत सगळीच ओली होती, फक्त उघड्या भागाला पंख्याचा वारा लागून ती वाळत होती. कपाटामागे हवा कोंडून राहिली, आणि बुरशीला डोळ्यांना दिसणारं पाणी लागतच नाही, भिंतीलगतची हवा ऐंशी टक्के दमट राहिली तरी तिचं भागतं. तेव्हा तुझं कपाट दोषी आहे, पण एकटं नाही. तो आडवा पट्टा बरोबर तुळई आणि विटांच्या सांध्याखाली आहे. खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, तिथे बाहेरच्या प्लास्टरला केसासारखी लांब भेग आहे. पश्चिमेचा पाऊस तिथूनच शिरतोय. ती भेग बुजवणं सोसायटीच्या खर्चाचं काम, आणि म्हणूनच अध्यक्षांना रंगाचं एवढं प्रेम. आत रंग मारला तर पुढच्या पावसात तोही फुगेल. मी लेखी अर्ज दिलाय, फोटोसकट. भेग बुजून भिंत वाळेपर्यंत पुट्टी नाही, रंग नाही. आई रोज विचारते, माझी खोली कधी देणार? काय सांगू?

बाकी, रेवाची बारावी कशी चाललीय? वहिनींच्या नव्या नोकरीचं ऐकलं, अभिनंदन. तुझी साखर तपासलीस का? तपास.

कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, झुरळांसह. मागची प्लाय खालून फुगलीय, ती उन्हात वाळवून जमणार नाही, बदलावी लागेल. सुताराला सांगू का, की तू येऊन बघतोस? निम्मे पैसे या वेळी तू दे.

तुझा,
बाळ्या