“हां हां, क्यों नहीं!”

महोदय,

“मराठीत बोला” असं सांगूनही समोरचा ऐकत नाही, ही तक्रार करणारी पत्रं मी आवडीनं वाचते. असं एक पत्र लिहायला मीही एकदा बसले होते. हे पत्र मात्र उलट बाजूचं आहे, कारण यात न ऐकणारी मी आहे.

डोंबिवलीत आमचं औषधांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, जवळच्या रुग्णालयात नव्यानं लागलेली एक नर्स दुकानात आली. केरळची. दारातूनच “नमस्कार” म्हणाली, मीही “नमस्कार” म्हटलं. चिठ्ठी पुढे करायच्या आधी ती शब्द मोजून मोजून म्हणाली, “काकू, माझ्याशी फक्त मराठीत बोला. मला शिकायचं आहे.” तिनं हे वाक्य घरून घोकून आणलं होतं, हे कळत होतं. मला इतकं कौतुक वाटलं, की मी लगेच म्हटलं, “हां हां, क्यों नहीं! बोलो, क्या चाहिए?”

ती हसली नाही. नुसतं “मराठीत,” म्हणाली. हसला तो आमचा काउंटरवरचा मुलगा. त्याची घरची भाषा भोजपुरी. त्यानं चिठ्ठी घेतली आणि “सिस्टर, ही गोळी आहे, पातळ औषध संध्याकाळी येईल” असं सरळ मराठीत सांगून टाकलं. मी सदाशिव पेठेत जन्मलेली. तिथं उभी राहून काय करावं ते मला सुचेना.

माझं नेमकं काय होत होतं, ते पुढच्या काही दिवसांत लक्षात आलं. तिला मराठी येणार नाही असं मी ठरवलेलं नव्हतं. तिचा उच्चार कानावर पडला, की जीभ आपोआप सांधा बदलायची. तेवढं सावरलं, तर ती अडखळली की बदलायची. ती “मला... ते... तापाचं...” म्हणून थांबायची. तो शब्द शोधायला तिला चार-पाच सेकंद लागत, पण गिऱ्हाइकांची रांग असली की तेवढा वेळही फार वाटतो. मग मी मध्येच “बुखार का?” म्हणून मोकळी व्हायचे. मी मदत करत होते खरी, पण जो शब्द तिच्या ओठांवर येत होता, तो मी परत आत ढकलत होते. त्यावर उपाय म्हणून मी एकच केलं. ती थांबली की मी हातात काहीतरी घ्यायचे. खोका सरकवायचा, कात्रीनं स्ट्रिप कापायची. हात कामात असले की तोंड गप्प राहतं.

हिंदीत बोलून तिचं काम सोपं होत होतं का? तसंही नाही. हिंदी तिची भाषा नाही, माझीही नाही. दोघी आपापलं घर सोडून तिसऱ्याच्या ओट्यावर बसून बोलत होतो. आणि काही बाबतींत मल्याळममधून मराठीकडे येणारी वाट हिंदीपेक्षा जवळची निघाली. ‘ळ’ मल्याळममध्ये आहे, त्यामुळे ‘गोळी’, ‘सकाळी’, ‘डोळे’ हे तिचे शब्द पहिल्या दिवसापासून स्वच्छ. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरकही तिच्या भाषेत आहे. ऐकणाऱ्याला वगळून केलेलं ‘आम्ही’ तिथं ‘ञङ्ङळ्’, आणि त्याला धरून केलेलं ‘आपण’ म्हणजे ‘नम्मळ्’. हिंदीत दोन्हींना ‘हम’. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचंही तेच. तिच्याकडे दोन वेगळे शब्द होते, माझ्याकडेही होते, आणि मी मध्ये ‘कल’ आणून दोन्हींची माती करत होते.

‘परवा’नं मात्र आमची फजिती केली. “औषध परवा येईल,” असं मी सांगितलं. आदल्याच आठवड्यात मी “परवा तुम्ही आला होतात” म्हटलेलं तिच्या डोक्यात होतं. तिनं विचारलं, “येईल की आलं?” पलीकडचा आणि अलीकडचा दोन्ही दिवस आपण एकाच शब्दात सांगतो, हे मला तोवर कधी टोचलं नव्हतं. तेव्हापासून मी “परवा, गुरुवारी” असं वाराला धरून सांगते, आणि हे आता सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगते.

खरी अडचण लिंगाची. मल्याळममध्ये वस्तूंना लिंग नसतं आणि कर्ता बाई की बुवा यावर क्रियापद बदलत नाही. इथं गोळी ती, डोस तो, औषध ते. “माझी औषध आला?” असं ती विचारायची. सुरुवातीला मी चूक दाखवायचे, की आधी तिचा चेहरा उतरायचा आणि मग वाक्य तुटायचं. पुढे मी उत्तरातच बरोबर रूप घालायला लागले. “हो, तुमचं औषध आलंय.” एवढंच, वर काही समजावणं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तीच “माझं औषध” म्हणू लागली.

पण एक चूक अशानं सुटेना. ती स्वतःबद्दल “मी काल आलो” म्हणायची. वॉर्डबॉय, रुग्णांचे भाऊ, आमचा मुलगा, सगळ्यांकडून तिनं ‘आलो’च ऐकलेलं. मी तिच्याशी ‘तुम्ही’नं बोलते, म्हणजे “तुम्ही आलात”. त्या आदरार्थी रूपात बाई-बुवा फरक दिसतच नाही. माझ्या उत्तरातून तिला ‘आले’ मिळणार कुठून? शेवटी मी मुद्दाम स्वतःच्या गोष्टी सांगायला लागले. “मी काल उशिरा आले, गाडी चुकली, रिक्षानं गेले.” नवऱ्यानं विचारलं, हल्ली गिऱ्हाइकांना घरचं सगळं का सांगत सुटतेस? पंधरा दिवसांत ती “मी आले” म्हणायला लागली. कारण तिला आजही माहीत नसावं.

‘फक्त मराठीत’ म्हणजे कोणती मराठी, यावर दुकानातच एकदा वाद झाला. नेहमी येणारे एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले, “तिला मराठी शिकवताय तर इंजेक्शन काय म्हणता? अंतःक्षेपण म्हणा.” मी त्यांनाच विचारलं, तुम्ही गेल्या महिन्यात अंतःक्षेपण घेतलंत की इंजेक्शन? तिला रुग्णांशी बोलायचं आहे, आणि रुग्ण इंजेक्शन, सलाइन, स्ट्रिप, शुगर असंच म्हणतात. दुसरं टोकही वाईट, आणि तिकडे मी स्वतः घसरले होते. तिला समजावं म्हणून मी “तुम्ही गोळी घेणार, जेवण नंतर, दोन वेळ” असं मोडकं बोलायचे. तेच मोडकं मग तिच्या तोंडी बसलं. सोपं बोलायचं म्हणजे वाक्य छोटं ठेवायचं, प्रत्यय गाळायचे नाहीत. “जेवणानंतर एक गोळी घ्या. दिवसातून दोनदा.” एवढं तिला पहिल्या महिन्यातही कळत होतं.

जिथं चूक महागात पडते, तिथं काय करायचं, हा प्रश्न आमच्या धंद्यात टाळता येत नाही. तिच्या घरमालकिणीच्या नातवासाठी डॉक्टरांनी पातळ औषध साडेसात मिली लिहिलं होतं. ‘साडेसात’ तिला पटकन कळलं, कारण मल्याळममध्येही आकड्यालाच अर्धा जोडतात. पण पूर्वी एकदा ‘दीड’ आणि ‘अडीच’ यांपाशी ती गोंधळली होती. तिच्या भाषेत ‘एक-अर्धा’, ‘दोन-अर्धा’ असं ऐकू येतं. आपल्या ‘दीड’मध्ये एक नाही आणि ‘अडीच’मध्ये दोन नाही. साडेएक, साडेदोन आपण म्हणत नाही. अशा वेळी पूर्वी मी सरळ इंग्रजीत आकडा सांगितला असता. आता “दीड, म्हणजे एक आणि अर्धा” असं म्हणते, खोक्यावर १.५ लिहिते, आणि तिला म्हणते, “आता तुम्ही मला सांगा, बाळाला किती द्यायचं?” तिनं बरोबर सांगितलं तरच खोका हातात. नुसतं “कळलं का?” विचारून उपयोग नाही, त्याला सगळेच “हो” म्हणतात. बिलाचंही तसंच. एकदा मी “पंचाण्णव” म्हटलं आणि तिनं साठ रुपये पुढे केले. तिनं पंचावन्न ऐकलं होतं. मराठीत एकक आधी येतं आणि तिच्या भाषेत दशक आधी, त्यामुळे ‘पंच’पर्यंत ती बरोबर असते आणि पुढे हुकते. आकडा मराठीतच सांगायचा आणि बिलावर बोट ठेवायचं, हे दोन्ही केलं की झालं.

एका रात्री शटर खाली ओढत असताना ती धावत आली. कुणासाठी तरी इंजेक्शन हवं होतं आणि ती सगळं इंग्रजीत बोलली, नाव, ताकद, किती हवीत ते. मीही इंग्रजीत उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मला वाटलं, आता नियम सुटला, आणि मी “क्या हुआ पेशंट का?” म्हटलं. ती म्हणाली, “काकू, मराठीत.” विनंती तिची होती, ती कधी बाजूला ठेवायची हेही तिनंच ठरवायचं होतं.

तिची एक तक्रार अजून आहे, आणि तिच्याच सांगण्यावरून मी हे पत्र लिहिते आहे. वॉर्डात रुग्णांचे नातेवाईक तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचतात आणि हिंदी सुरू करतात. ती “मराठीत बोला, मला कळतं” म्हणते. “अरे वा, छान!” म्हणून ते तिचं कौतुक करतात आणि पुढचं वाक्य पुन्हा हिंदीत. सगळे मराठी घरातले. या कौतुकाचा तिला आता कंटाळा आला आहे. ती म्हणते, “छान म्हणू नका, फक्त पुढचं सांगा. दुखतं कुठं?”

परवा, म्हणजे गेल्या सोमवारी, ती रुग्णालयात नव्यानं आलेल्या एका मैत्रिणीला घेऊन दुकानात आली. मुलीनं “नमस्कार” म्हटलं आणि तेच घोकलेलं वाक्य म्हटलं. मी तोंड उघडण्याआधी आमची सिस्टर माझ्याकडे रोखून बघत होती. मी कात्री हातात घेतली आणि म्हटलं, “बरं. काय देऊ?”

— एक औषधविक्रेती, डोंबिवली (पूर्व)