पडायचंच असेल तर पुढे पड

प्रिय मनू,

स्केट्सचा फोटो बघितला. चार चाकांचे घेतलेस ते बरं केलंस, एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइनपेक्षा याच्यावर नुसतं उभं राहणं तरी सोपं जातं. पण फोटोत गुडघ्याला काही नाही, मनगटाला काही नाही आणि खाली लिहिलंयस "पॅड्स पुढच्या महिन्यात घेईन". ते वाचलं आणि लिहायला बसले, कारण फोनवर सांगितलं तर तू हो हो म्हणून ठेवून देशील.

माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता ते आठवतं ना, तू सातवीत होतीस तेव्हा? तुला सांगितलं होतं की आई पाय घसरून पडली. पाय घसरला हे खरंच, पण पायात स्केट्स होते. चिन्याला क्लासला सोडायला जायचे, तिथे कडेला बसून बसून कंटाळले, एक दिवस कुणाचे तरी जास्तीचे स्केट्स माझ्या मापाचे निघाले आणि घातले. पॅड्स लहान मुलांसाठी असतात असं वाटलं, एक्केचाळीस वर्षांची बाई गुडघ्याला वाट्या बांधून कशी दिसेल वगैरे. दहा मिनिटं कठड्याला धरून फिरले, मग कठडा सोडला.

पुढचं मी इतक्या वेळा मनात चालवून बघितलंय की तुला सावकाश सांगू शकते. पाय थोडे जास्त सरकले, मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे ताठ झाले. गुडघे सरळ, छाती मागे. जमिनीवर ताठ झालीस तर काही होत नाही, पण चाकांवर अंग मागे गेलं की वजन टाचांवर येतं आणि स्केट्स तुझ्या खालून पुढे पळतात, जणू कुणी सतरंजी ओढली. मग हात आपोआप मागे गेला टेकायला, आणि सगळं अंग त्या एका तळव्यावर आलं. मनगटाजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

म्हणून पहिली गोष्ट उभं राहण्याची. पाय खांद्याइतके लांब ठेव आणि गुडघे वाकव, किती तर खाली बघितल्यावर गुडघ्याआड बुटाचं टोक दिसेनासं होईपर्यंत. कंबरेतून ओणवं व्हायचं नाही, गुडघ्यातून खाली बसायचं, स्टुलावर बसता बसता थांबल्यासारखं. वजन पावलाच्या मधोमध, हात पुढे, तुला दोन्ही पंजे दिसतील असे. नजर समोर सात-आठ पावलांवर, पायांकडे बघत राहिलीस की डोकं खाली जातं आणि त्याच्या मागोमाग तूही जातेस. मांड्या पाच मिनिटांत भरून येतील. नाही आल्या तर समज की तू नकळत सरळ झालीयेस.

उभं राहायचं पण रूममध्ये सतरंजीवर किंवा गवतावर शिक, तिथे चाकं पळत नाहीत. टाचा जुळवून चवडे बाहेर फाकव, बदकासारखे, अशा पायांनी स्केट जागेवर थांबतो. मग तसंच बदकासारखं चाल, एक पाय उचल, ठेव, दुसरा उचल. काँक्रीटवर गेल्यावर हेच केलंस की आपोआप थोडी थोडी सरकायला लागशील, मुद्दाम ढकलायची गरज पडत नाही.

आता पडणं. याची प्रॅक्टिस आधी करायची, चालण्याच्याही आधी, आणि पूर्ण पॅड्स घालून. तोल गेलाय असं वाटलं की पहिलं काम खाली जायचं, दोन्ही हात स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवायचे. निम्म्या वेळा एवढ्यानेच सावरतं, खरंच सांगते. नाहीच सावरलं तर एक गुडघा पुढे टेकव, मग दुसरा, मग तळवे, बोटं वर उचललेली. गुडघ्याची प्लास्टिकची वाटी आणि मनगटाच्या गार्डची पट्टी जमिनीवर घसरत जाते, म्हणजे तू एका जागी आपटत नाहीस, तो जोर घसरण्यात जातो. म्हणूनच ती वाटी कडक आणि गुळगुळीत असते, नुसता स्पंजचा पॅड हे काम करत नाही, तसला घेऊ नकोस. मागेच पडायला लागलीस तर हनुवटी छातीला लाव, हात पुढेच ठेव आणि एका कुल्ल्यावर बस, मधोमध माकडहाडावर नको. उठताना आधी गुडघ्यांवर ये, एक स्केट सपाट ठेव, त्याच गुडघ्यावर दोन्ही हात दाबून उठ. जमिनीला हात टेकून दोन्ही पायांवर एकदम उठायला गेलीस की परत सतरंजी ओढली जाते.

पॅड्स घालायचा क्रम पण सांगते, हसू नकोस. आधी गुडघे, मग बूट, मग कोपर, मग हेल्मेट, मनगटाचे गार्ड शेवटी. ते आधी घातले तर लेस बांधता येत नाही आणि मग माणूस गार्डच काढून ठेवतो. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, मागे कलंडलेलं नको, पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकंच सैल.

थांबायचं कसं हे तू मला विचारलंच नाहीस, सगळे पळायचंच विचारतात. पुढे जो रबरी ठोकळा आहे ना, टो स्टॉप, तो सुरुवातीला विसर. घाबरून दोन्ही टोकं एकदम खाली दाबलीस की स्केट थांबतो आणि तू पुढे जातेस. आधी नांगर शिक. पाय खांद्यापेक्षा लांब, गुडघे वाकलेले, चवडे थोडे आत वळव आणि टाचांनी बाहेर ढकल, जणू पायाखालचा कागद दोन्ही बाजूंना फाडायचाय. चवडे जास्त आत गेले की स्केट्स एकमेकांवर चढतात, त्यामुळे थोडेच. खडूने रेघ मार, चालायच्या वेगाने ये आणि रेघेच्या पुढे किती पावलं गेलीस ते मोज. दोन-तीन पावलांत थांबता येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. टो स्टॉप नंतर, तोही एकाच पायाचा, तो पाय मागे ठेवून हलका घासायचा, वजन पुढच्या पायावर.

जागा. तुझ्या होस्टेलच्या मागचं बॅडमिंटनचं सिमेंट कोर्ट चालेल, पण आधी झाडून घे. चाक जेमतेम सहा सेंटीमीटरचं असतं, हरभऱ्याएवढा खडा आला तरी ते अडतं आणि तू अडत नाहीस. पेव्हर ब्लॉक नको, सांध्यात चाकं अडकतात. लॉबीतल्या चकचकीत टाइल्स गुळगुळीत दिसतात पण पाय बाजूला निसटतो, आणि पार्किंगचा उतार तर नकोच नको, तो कितीही छोटा वाटला तरी. फरशी ओली असेल त्या दिवशी सुट्टी.

पॅड्सचे पैसे बाबांनी संध्याकाळी टाकलेत, पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस. आठवड्याने पॅड्सचे फोटो पाठव, तुझा नको. गुडघ्याच्या वाट्यांवर ओरखडे असतील तर बरोबर पडतेयस, जीन्स मागून मळलेली असेल तर अजून ताठ उभी राहतेयस.

तुझी,
आई

ता. क. चिन्या म्हणतो ताईला सांग, तिला मी शिकवतो. त्याला अजून नांगर नीट जमत नाही, ऐकू नकोस.