प्रश्नाच्या फोटोत दोन पर्याय सारखेच दिसले, तर?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गणित शिकवते. परीक्षा जवळ आल्या की माझ्या मोबाईलवर प्रश्नांचे फोटो येऊ लागतात. पुस्तकाचं पान, झेरॉक्स, कुणीतरी कुणाला पाठवलेला स्क्रीनशॉट, असं काहीही असतं आणि बरोबर एकच ओळ असते: 'उत्तर सांगा.' यातल्या बऱ्याच फोटोंत पर्यायांचाच घोळ असतो. एखादा पर्याय दोनदा दिसतो, एखादा कापला गेलेला असतो, कुठे 'क' दोनदा छापलेला असतो आणि 'ड' नसतोच. अशा प्रश्नाला घाईने उत्तर दिलं की काय होतं, हे मी स्वतः अनुभवलं. म्हणून हे पत्र.

महिन्याभरापूर्वी एका विद्यार्थिनीने फोटो पाठवला. x² + २x − १५ = ० या समीकरणाची मुळे कोणती, असा प्रश्न होता. पर्याय असे दिसत होते:

अ) ३, ५
ब) −३, ५
क) ३, ५
ड) −३, −५

खाली तिने लिहिलं होतं, 'बाई, ब ना?' मी घाईत होते. शेवटचं पद −१५ आहे, म्हणजे मुळांचा गुणाकार ऋण, म्हणजे एक मूळ धन आणि एक ऋण असणार, हे पाहताक्षणी कळतं. चार पर्यायांत तसा एकच दिसत होता. मी 'हो, ब' असं कळवून टाकलं. ते साफ चुकीचं होतं.

नीट सोडवलं असतं तर अर्धा मिनिटसुद्धा लागला नसता. मुळांचा गुणाकार −१५ हवा आणि बेरीज −२ हवी, म्हणजे मुळे ३ आणि −५. ताळा करून पाहा: x च्या जागी ३ ठेवलं तर ९ + ६ − १५ = ०, आणि −५ ठेवलं तर २५ − १० − १५ = ०. 'ब' मधला −३ ठेवला तर ९ − ६ − १५ म्हणजे −१२ येतात. म्हणजे दिसणाऱ्या चारही पर्यायांत बरोबर उत्तर नव्हतंच. मी समीकरण सोडवलं नव्हतं, पर्यायांतून एक निवडला होता. पर्याय धड असतात तेव्हा ही युक्ती चालून जाते. पर्यायच बिघडलेले असले की तीच युक्ती चुकीच्या उत्तरावर नेऊन सोडते. म्हणून आता मी पर्याय झाकून आधी उत्तर काढते आणि मगच यादीकडे बघते.

उत्तर निघालं पण यादीत ते नाही, अशा वेळी खरं काम सुरू होतं. माझ्या फोटोत दोन शक्यता होत्या. पहिली अशी, की अ आणि क सारखे दिसतात, त्यातल्या एकातलं वजा चिन्ह फोटोत उडालं आहे. दुसरी अशी, की पर्याय ठीक आहेत आणि प्रश्नातलंच एक चिन्ह मी चुकीचं वाचलं आहे. मधलं पद + २x नसून − २x असेल, तर मुळे −३ आणि ५ येतात आणि 'ब' अगदी बरोबर ठरतो! ही दुसरी शक्यता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पर्यायांत खोट दिसली की आपण पर्यायांनाच दोष देतो आणि प्रश्न पुन्हा वाचत नाही.

मग कोणती शक्यता जास्त खरी? हे ताडायला एक साधा निकष आहे. एकच बिघाड धरला तर दिसणाऱ्या सगळ्या विसंगती उलगडतात का, ते पाहायचं. ३ आणि ५ या आकड्यांना चिन्हं देण्याच्या रीती चारच आहेत: दोन्ही धन, पहिला ऋण, दुसरा ऋण, दोन्ही ऋण. प्रश्न काढणाऱ्याने त्याच चार पर्यायांत मांडल्या आहेत, हे उघड आहे. फोटोत त्यातली एक रीत दोनदा आहे आणि एक गायब आहे, आणि जी गायब आहे तेच नेमकं माझं उत्तर आहे. एक वजा चिन्ह उडालं असं मानलं की पर्याय दोनदा का दिसतो आणि उत्तर का सापडत नाही, दोन्हींचा उलगडा होतो. प्रश्नातलं चिन्ह चुकलं असं मानलं, तर 'ब' बरोबर ठरतो खरा, पण अ आणि क सारखे का, हे कोडं तसंच राहतं. त्यासाठी आणखी एक बिघाड मानावा लागतो. म्हणून पहिल्या शक्यतेचं पारडं जड. तरी हा अंदाजच आहे, आणि तो उत्तर म्हणून खपवायचा नसतो.

शिवाय, चिन्ह 'अ' मधलं उडालं की 'क' मधलं, हे गणित सांगू शकत नाही. ते फोटोतच शोधावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो मोठा करून पाहिला. 'अ' मध्ये स्वल्पविरामाला लागूनच ५ होता. 'क' मध्ये स्वल्पविराम आणि ५ यांच्यात आणखी एक आकडा मावेल एवढी मोकळी जागा होती. चिन्ह पुसलं गेलं होतं, पण त्याची जागा तशीच राहिली होती. मुलीने पुस्तक आणून दाखवलं, तेव्हा 'क' मध्ये ३, −५ असंच छापलेलं होतं. वजा चिन्हाची रेघ फिकट होती, एवढंच.

आधीच्या रात्री मी तिला असं लिहायला हवं होतं: 'मुळे ३ आणि −५ आहेत. फोटोत अ आणि क सारखेच दिसतात आणि हे उत्तर कुठेच दिसत नाही. बहुधा क मधल्या ५ च्या आधीचं वजा चिन्ह फोटोत आलेलं नाही. पुस्तकात बघ. प्रश्नात + २x च आहे ना, तेही बघ.' चारपाच वाक्यांचं काम. यात खात्रीचं काय आणि अंदाजाचं काय हे वेगळं कळतं, आणि पडताळायचं काय तेही मुलीच्या हाती राहतं.

वजा चिन्हच का उडतं, हेही सांगते. ती एक बारीक आडवी रेघ असते. कागद स्कॅन करणारी ॲप्स फोटो काळा-पांढरा करतात तेव्हा एका मर्यादेपेक्षा फिकट असलेलं सगळं पांढरं होतं आणि अशी रेघ त्यात सहज जाते. फोटो पुढेपुढे पाठवला जातो तेव्हा तो दाबून लहान केला जातो, त्यात घातांक, दशांशचिन्ह आणि अपूर्णांकाची रेघ यांचीही तीच गत होते. १०² चे १०२ होतात, २.५ चे २५ होतात. दोन पर्याय सारखे दिसले की आधी याच बारीक खुणा शोधाव्यात. मुलांना मी आता सांगते की स्कॅनचा फिल्टर न लावता, सावली न पाडता, प्रश्नाच्या चारही बाजूंचा थोडा कोरा भाग येईल असा साधा रंगीत फोटो काढा आणि शक्य असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

आता अक्षरांच्या घोळाबद्दल. एका किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल ६ तास, सुरुवातीला ८० ग्रॅम, तर २४ तासांनी किती उरेल? चार अर्धायुकाल झाले: ४०, २०, १०, ५. उत्तर ५ ग्रॅम. पण पर्याय असे छापलेले: अ) २० ग्रॅम, ब) १० ग्रॅम, क) ५ ग्रॅम, क) २.५ ग्रॅम. इथे नुसतं 'क' लिहिलं तर वाचणाऱ्याला कोणता क घ्यायचा ते कळत नाही. 'तिसरा पर्याय, ५ ग्रॅम' असं लिहिलं की संदिग्धता उरत नाही. प्रश्नात २४ ऐवजी ३० तास असते, तर उत्तर २.५ ग्रॅम आलं असतं, आणि तेव्हा 'चौथा पर्याय, २.५ ग्रॅम, त्यावर चुकून क छापलं आहे' असं स्पष्ट सांगावं लागलं असतं. कुणी अ, ब, क, ड लिहितं तर कुणी क, ख, ग, घ. पहिल्या रीतीत 'क' तिसरा, दुसरीत पहिला. त्यामुळे नुसत्या अक्षरात दिलेलं उत्तर एका यादीतून दुसरीत गेलं की अर्थच बदलून जातो.

कापलेल्या पर्यायाची गोष्ट थोडी वेगळी. पर्याय दोन रकान्यांत असतील आणि फोटोची उजवी बाजू कापली गेली असेल, तर अ आणि क दिसतात, ब आणि ड जातात. उत्तर संख्या असेल आणि ती दिसणाऱ्या पर्यायांत असेल, तर सहसा अडत नाही. पण 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर?' असा प्रश्न असेल तर जपून. दिसणारं 'अ' विधान बरोबर असेलही, पण न दिसणाऱ्या 'ड' मध्ये 'अ आणि ब दोन्ही' असं असू शकतं. तिथे 'अ हे विधान बरोबर आहे, पण उरलेले पर्याय पाहिल्याशिवाय कोणता निवडायचा ते सांगता येत नाही' एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. विद्यार्थ्याला ते आवडत नाही, त्याला अक्षर हवं असतं. तरीही पूर्ण फोटो मागवावा.

संपादक महोदय, आपल्या शैक्षणिक पानावर सरावप्रश्न आणि दुसऱ्या दिवशी त्यांची उत्तरं येतात. उत्तरं १-ब, २-ड, ३-क अशी छापली जातात. माझी विनंती एवढीच, की अक्षरापुढे उत्तरही छापावं: '३-क (३, −५)'. पर्यायांत छपाईची चूक झालेली असेल, तर उत्तरांच्या वर 'प्रश्न ३ मधील पर्याय क ३, −५ असा वाचावा' एवढी ओळ द्यावी. आपल्या पानाचे फोटो मुलं एकमेकांना पाठवतात आणि त्यातले काही शेवटी माझ्याकडे येतात.

आपली,
एक गणित शिक्षिका